केडिया खटला: करार खामगावात झाला की अहमदाबादेत?

प्रथमवर्ष_एलएलबी: भगवानदास केडिया वि. गिरधारीलाल (१९६६) हा खटला आयआरएसी, म्हणजे इश्यू, रूल, अॅप्लिकेशन, कन्क्लूजन या पद्धतीने लिहायचा आहे. मी इश्यू लिहिला, "केडियांनी सरकीच्या पेंडीचा करार मोडला का?" सरांनी त्यावर लाल रेघ मारली. का?

वऱ्हाडी_वकील: कारण सर्वोच्च न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता. १९५९ च्या जुलैत अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी ट्रंककॉलवर भाव केला, खामगावच्या केडियांनी तिथूनच होकार दिला. पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादेत दावा लागला. केडियांचं म्हणणं, करार खामगावात झाला, त्या कोर्टाला अधिकारच नाही. तुझा इश्यू एवढाच: फोनवरच्या होकाराने करार कुठे होतो, बोलला तिथे की ऐकला तिथे?

कलमकसाई: यात अवघड काय? रूल म्हणजे करार कायद्याचं कलम ४. स्वीकार आपल्या हातातून सुटला की प्रस्ताव करणारा बांधला जातो. शब्द खामगावात सुटले, करार खामगावात. कन्क्लूजन: अहमदाबादला अधिकार नाही.

वऱ्हाडी_वकील: हे न्या. हिदायतुल्ला यांचं मत झालं, आणि ते अल्पमतात होते. बहुमताकडून न्या. शहा म्हणाले, १८७२ च्या करार कायद्याचा मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन नव्हता. पत्र किंवा तार जिथून सुटली तिथे करार, हा नियम अपवाद आहे. फोनवर दोघं जणू समोरासमोर असतात, म्हणून होकार ऐकू येईल तिथे करार. तो अहमदाबादेत ऐकू आला, कोर्टाला अधिकार मिळाला. अॅप्लिकेशनमध्ये प्रस्ताव कोणाचा होता ते आधी ठरव. केडियांनी प्रस्ताव देऊन अहमदाबादहून होकार गेला असता, तर याच नियमाने उत्तर खामगाव आलं असतं. बहुतेकांची वही इथेच चुकते.

कलमकसाई: पण कलमाची भाषा स्पष्ट असताना "तेव्हा फोन नव्हता" म्हणून ती बाजूला सारायची? तसं तर अर्धा कायदा बाजूला पडेल.

वऱ्हाडी_वकील: आक्षेप वजनदार आहे, मलाही बहुमताची ती पायरी लंगडी वाटते. म्हणून तर हिदायतुल्लांचं मत अॅप्लिकेशनमध्ये लिही, रूलमध्ये नाही. रूल म्हणजे बांधून घालणारं मत.

जळगावचा_दुकानदार: माझा सुरतच्या पार्टीशी व्हॉट्सअॅपवर सौदा झाला, माल आला नाही. निळ्या टिका आहेत. दावा जळगावात चालेल ना?

वऱ्हाडी_वकील: भाऊ, टिकांवरून ठरत नाही. प्रस्ताव कोणाचा, माल आणि पैसे कुठे द्यायचे होते, हे सगळं बघावं लागतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक संदेशांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १३ आहे: संदेश वाचताना माणूस कुठेही असो, तो त्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोचला असं मानतात.

प्रथमवर्ष_एलएलबी: मग शेवटी व्यापाऱ्यांना भरपाई मिळाली का? कन्क्लूजनला तेच लिहू?

वऱ्हाडी_वकील: नको. "अपील फेटाळलं, अहमदाबादच्या कोर्टाला अधिकार आहे" इथे थांब. करार मोडला की नाही हे या निकालात ठरलंच नाही.

कलमकसाई: आणि कंसात लिही, कलम ४ अजून तसंच आहे.