गडद भिंतीचा तोल समोरून सावरतो

> सोफ्यामागची भिंत गडद निळी केली, आता खोली एका बाजूला कलंडल्यासारखी वाटते. रंग बदलू का?

नका बदलू. आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं. दोष निळ्याचा नव्हता, उरलेल्या तीन भिंती पांढऱ्याफटक होत्या. त्यांना किंचित निळसर झाक असलेला पांढरा दिला आणि दोन्ही रंगांमधली दरी कमी झाली. मग तोच निळा समोरच्या बाजूला थोडाथोडा नेला: खुर्चीवरची उशी, दिव्याची शेड, एका चित्राची चौकट. तेवढं पुरलं.

आधी निळी चादर समोरच्या खुर्चीवर टाकून दारातून बघा. नजर भिंतीवरून तिकडे सरकली, तर उपाय लागू पडेल. आणि हो, कोपऱ्यातली रंगाची रेघ तपासा. निळा बोटभर जरी बाजूच्या भिंतीवर आला असेल, तरी कोपरा वाकडा दिसतो.