मदत हवी आहे: पाय खाली आणताना जांघेत 'टक्क' होतं, नाच चालू ठेवू का?

गिरकी
मी नृत्य करते. सरळ पाय बाजूने उंच उचलून खाली आणताना उजव्या जांघेत, अगदी आत, काहीतरी सटकतं आणि 'टक्क' आवाज येतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही तो ऐकू जातो. बरेच महिने असंच चाललंय, दुखत मात्र नव्हतं. आता सरावाचे तास वाढल्यावर सराव संपला की तिथे ठणकतं, सकाळपर्यंत थांबतं. आत काही फाटलं असेल का? एमआरआय करून घेऊ का?

मोकळा_वारा
बोटं मोडल्यावर होतो तसलाच आवाज आहे हा, सांध्यातल्या हवेचा. नुसता आवाज असेल तर घाबरू नका. खुबा आखडलाय, स्ट्रेचिंग दुप्पट करा.

पायवाट
अगदी सेम! मी धावतो. माझ्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाड निसटल्यासारखं वाटतं, हात ठेवला की पट्टा सरकलेला कळतो. तुम्ही फोम रोलर वापरून बघा.

सांधेसोबती
पायवाट, तुमचं दुखणं वेगळं आहे. मांडीच्या बाहेरून जाणारा जाड पट्टा खुब्याच्या उंचवट्यावरून पुढे-मागे सरकतो, तो तुम्हाला जाणवतो. हाड जागचं हलत नाही. गिरकी यांचं आतल्या बाजूचं आहे, त्यांना रोलरचा उपयोग नाही.

मोकळा_वारा, दुखत नसलेल्या आवाजाची काळजी नको, हे बरोबर. पण हा हवेचा आवाज वाटत नाही. मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडता येत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. इथे पाय खाली येतो तेव्हा दर वेळी आवाज होतोय. म्हणजे काहीतरी कशावरून तरी घसरतंय.

गिरकी, एक करून बघा. पाठीवर झोपा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या, बाहेरच्या बाजूला उघडा आणि तिथून पाय हळूहळू सरळ करत खाली न्या. 'टक्क' झालं की तीच हालचाल पुन्हा करा, पण या वेळी जांघेच्या पुढच्या भागावर बोटांनी घट्ट दाबून धरा. आणखी तीन गोष्टी सांगा: पाय मध्येच अडकतो का, वळताना कळ येऊन पाय सुटल्यासारखा होतो का, आणि रात्री दुखण्याने जाग येते का?

गिरकी
दाबून धरल्यावर आवाज आला नाही, हात काढला की पुन्हा आला! अडकत नाही, पाय सुटत नाही, झोपही नीट लागते.

सांधेसोबती
मग बहुतेक सोआस स्नायूचा टेंडन आहे. तो कमरेकडून येऊन खुब्याच्या पुढून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. पाय बाहेर वळवून उचलला की एका बाजूला जातो आणि खाली आणताना झटक्यात मूळ जागी येतो. नुसतं तेवढंच होत असेल तर नाच थांबवायची गरज नाही. तुमचं ठणकतंय, म्हणजे तासनतास घासून टेंडन किंवा त्याखालची घर्षण कमी करणारी द्रवाची छोटी पिशवी चिडलीय.

काही आठवडे पाय आवाज सुरू होतो त्या उंचीच्या खालीच ठेवा. एक दिवसाआड खुर्चीत बसून पावलाला रबर बँड लावा, गुडघा वर घ्या आणि अगदी सावकाश खाली सोडा, आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बँड हलका करा. स्ट्रेचिंग दुप्पट करू नका. खोल लंजमध्ये तोच टेंडन सांध्याच्या पुढच्या भागावर ताणून दाबला जातो.

लांबपल्ला
धावणाऱ्यांसाठी लिहितो, कारण माझं असंच सुरू झालं होतं. जांघेत दुखायचं, अधूनमधून आवाजही यायचा, म्हणून सगळे 'टेंडन' म्हणाले. पण माझं दुखणं धावताना वाढत जायचं, नंतर चालतानाही होऊ लागलं, आणि एका पायावर उडी मारली की कळ यायची. एक्स-रे स्वच्छ होता. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर दिसली.

सांधेसोबती
हे सगळ्यांनी नीट वाचा. अशी लक्षणं असतील तर धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जायचं, कारण चिरेच्या जागी हाड पूर्ण तुटलं तर शस्त्रक्रियेशिवाय पर्याय राहत नाही. उडी मारून तपासत बसू नका. जेवण कमी पडत असेल किंवा पाळी चुकत असेल तर शंका आणखी वाढते.

गिरकी
पाळी नियमित आहे, चालताना दुखत नाही. मग एमआरआय नको ना?

सांधेसोबती
आज तरी मी घाई करणार नाही. खुब्याच्या खोबणीची कड फाटलेली काही न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येही दिसते, त्यामुळे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. पण कड आणि टेंडन दोन्ही एकदम दुखावलेले असू शकतात, ते मला इथून सांगता येणार नाही. सहा आठवड्यांत ठणका उतरला नाही, किंवा पाय अडकायला लागला, तर प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. हालचाल चालू असताना केलेल्या सोनोग्राफीत टेंडन सरकताना दिसतो, ती आधी सुचवतील.

मोकळा_वारा
माझ्या बहिणीला स्ट्रेचिंगनेच बरं वाटलं होतं, तिलाही जांघेतच होतं.

सांधेसोबती
हलकं स्ट्रेचिंग काहींना मानवतं. गिरकी, करायचंच तर सराव झाल्यावर करा आणि जांघेत पुढे टोचायला लागलं की सोडून द्या.