देवयानीच्या फोटोतला पुण्याचा नारिंगी उजेड: काढावा की राहू द्यावा?

तोरण्याखालचा

वेल्ह्याजवळून देवयानी दीर्घिकेचे फोटो काढले. १३५ मिमी लेन्स, क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ट्रॅकर, एकेक मिनिटाच्या फ्रेम, संध्याकाळपासून दीडेक तास. स्टॅक केल्यावर एका कोपऱ्यातून नारिंगी पट्टा वर चढलेला. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये Background Extraction चालवलं: Polynomial, चौथी डिग्री, आकाशाचा उजेड मोजायचे ठिपके आपोआप टाकलेले. नारिंगी गेलं, पण दीर्घिका आधीपेक्षा आखूड दिसतेय आणि तिच्याभोवती काळसर कडं आलंय. त्यात मित्र म्हणतो, "हे आकाश तू पाहिलंसच नाहीस, सॉफ्टवेअरनं बनवलंय." असा उजेड काढणं तुम्हाला पटतं का?

दुर्बीणवाले काका

मित्राचं म्हणणं मला पटतं. त्या रात्री वेल्ह्याच्या आकाशात पुण्याचा उजेड होता, कॅमेऱ्यानं तो टिपला, आणि तुम्ही तो काढून टाकलात. आता हा फोटो पाहणारा म्हणणार, वा, वेल्ह्यात अजून काळंकुट्ट आकाश मिळतं! मिळत नाही. सिंहगडावरून ईशान्येकडे बघा, क्षितिजावर काय दिसतं ते. तुमचे असले स्वच्छ फोटो बघून सगळ्यांना वाटतं, आकाश आहे की जागेवर, मग दिव्यांची तक्रार कशाला करायची. मी फिल्मवर फोटो काढत होतो तेव्हा असली वजाबाकी नव्हती. जे आलं ते आलं.

अवकाशवेडी

काका, दिव्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण "बनवलंय" हे कबूल नाही. शहराचा उजेड दीर्घिकेच्या उजेडात मिसळून तिला बदलत नाही, तिच्यावर नुसता भर घालतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये दीर्घिकेचे फोटॉन अधिक पुण्याचे फोटॉन, एवढंच. पुण्याचा भाग किती ते रिकाम्या आकाशावर मोजता आलं, तर तो वजा करणं म्हणजे काटा करताना पिशवीचं वजन वजा करण्यासारखं आहे.

आता धागाकर्त्याच्या कड्याकडे येते, कारण तिथे खरंच गडबड आहे. वेल्ह्याहून पुणे बरोबर ईशान्येला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी देवयानीही ईशान्येलाच. म्हणजे तुम्ही थेट पुण्याच्या उजेडावरून फोटो काढलाय, पट्टा येणारच. १३५ मिमीवर तुमची चौकट साधारण १० अंश रुंद. देवयानी सुमारे ३ अंश लांब, म्हणजे चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तिचा गाभा ठळक, पण कडेची आभा इतकी फिकी की आपोआप ठिपके टाकताना सिरिल तिला आकाशच समजतं. Grid tolerance ठळक जागा गाळतं, फिक्या जागा त्यातून सुटतात. त्यात चौथी डिग्री. पहिल्या डिग्रीचा पृष्ठभाग फक्त एका बाजूला कलू शकतो, चौथीचा मधे उंचवटा काढू शकतो. आभेवर पडलेले ठिपके त्याला सांगतात, "इथे आकाश जरा उजळ आहे", तो मधे उंचवटा काढतो आणि तो वजा होतो. दीर्घिका आखूड झाली ती अशी.

तपासायचं असेल तर PixelMath उघडा, मूळ स्टॅक I1, दुरुस्त केलेला I2, आणि:

```
I1 - I2 + 0.1
```

(वजाबाकीनंतर सिरिल पार्श्वभूमीची सरासरी पातळी राखतं, त्यामुळे हा फरक काही ठिकाणी शून्याखाली जातो. ०.१ त्यासाठीच.) AutoStretch लावून बघा. एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश उतरत जाणारा उजेड दिसला तर ठीक. मधोमध दीर्घिकेसारखाच तिरका लंबगोल दिसला, तर तुम्ही पुण्याबरोबर देवयानीही वजा केलीत.

पर्वतीपायथा

एवढा खटाटोप कशाला? लाइटरूममध्ये टेम्परेचर निळ्याकडे ओढा, नारिंगी गायब. मी सिंहगडावरून मोबाइलवर आकाशगंगा काढली होती, असंच केलं. चारशे लाइक.

अवकाशवेडी

नारिंगीपणा कमी होईल, खरं आहे. पण टेम्परेचर सगळ्या चौकटीला एकाच प्रमाणात गुणतं. उजळ कोपरा उजळच राहतो, फक्त राखाडी होतो. आणि ज्या ताऱ्यांना काहीच झालेलं नव्हतं ते उगाच निळे पडतात. फोटोतला एखादा मूळचा नारिंगी तारा बघा, पांढरा झाला असेल.

सदाशिव पेठ २

दिवे आता एलईडी झालेत, तरी क्षितिज नारिंगीच का? आणि फिल्टर लावला तर ही भानगडच नको ना?

अवकाशवेडी

लांबून तिरका येणारा उजेड धुळीतून, हवेतून येतो, वाटेत निळा जास्त विखुरतो. शिवाय जुने सोडियम दिवे सगळे गेलेले नाहीत. फिल्टरचं म्हणाल तर सोडियमचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, तेवढाच अडवता यायचा. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, आणि देवयानीचाही. फिल्टरनं दोघांना सारखंच कापलं जातं. तेजोमेघांची गोष्ट वेगळी.

कोथरूड गच्ची

म्हणजे वजाबाकीच करायची असेल तर वेल्ह्यापर्यंत पेट्रोल जाळायचं कशाला? मी गच्चीवरूनच काढतो. आकाश भगवं असतं, Background Extraction केलं की काळं होतं. काळं ते काळं.

अवकाशवेडी

नाही हो. उजेड वजा होतो, त्यातला चढउतार वजा होत नाही. समजा वेल्ह्यात एका फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेलला आकाशाचे १०० इलेक्ट्रॉन येतात. त्यांच्यातला चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १०. गच्चीवर तेच १६ पट, म्हणजे १६००, चढउतार ४०. तुम्ही १६०० वजा केलेत, ४० तिथेच राहिले. देवयानीची फिकी आभा १५ इलेक्ट्रॉनची असेल तर वेल्ह्यात ती एका फ्रेममध्येही जाणवेल, गच्चीवर त्या ४० मध्ये बुडेल. तेवढाच साफ फोटो हवा असेल तर गच्चीवर १६ पट वेळ फ्रेम घ्याव्या लागतील. वेल्ह्यातला एक तास म्हणजे कोथरूडचे सोळा. पेट्रोल स्वस्त पडतं.

कोथरूड गच्ची

सोळा तास पाच रात्रींत करतो मी. घरी जेवण मिळतं.

दुर्बीणवाले काका

अवकाशवेडी, मोजून वजा करता ते समजलं. पण एक सांगा. दीर्घिका जिथे आहे त्या जागी पुण्याचा उजेड किती, हे तुम्ही कुठे मोजलंत? ठिपके तर तिच्या बाहेर टाकायला सांगताय.

अवकाशवेडी

हा प्रश्न बरोबर आहे. तिथे मोजत नाही, आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतो. तो अंदाज टिकतो कारण तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शहराचा उजेड सावकाश बदलतो, दीर्घिकेच्या आकाराचा खड्डा किंवा उंचवटा त्यात नसतो. पातळ ढग सरकत असतील तर नाही टिकत. म्हणून डिग्री जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवायची.

दुर्बीणवाले काका

म्हणजे थोडं मोजलेलं, थोडं मानलेलं. मी एवढंच म्हणत होतो. फोटोखाली तसं लिहा, माझी हरकत संपली. आणि शेजारी मूळ फोटोही लावा.

रात्रपाळी

मूळ फोटो लावण्याला माझा विरोध. स्ट्रेच न केलेला स्टॅक जवळपास काळाच दिसतो, आणि केलेला म्हटला तर किती स्ट्रेच करायचा तो माझ्या हातात. पुणे भयंकरही दाखवता येतं आणि गरीबही. पण "मानलेलं" यावर काकांच्या बाजूनं एक भर घालतो. मी मृगात रुंद लेन्सनं बार्नार्डचा लूप घेतला होता. तो चौकटभर पसरलेला. जिथे ठिपका टाकावा तिथे काही ना काही तेजोमेघ. Polynomial ऐवजी आरबीएफ, स्मूथिंग कमी ठेवून चालवलं आणि अर्धा लूप पुसला गेला. त्या फोटोत पुणे कुठे संपतं आणि मृग कुठे सुरू होतो हे मला आजही सांगता येणार नाही. देवयानीभोवती निदान रिकामी जागा तरी आहे.

अवकाशवेडी

त्यावर माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. त्याच भागाचा, खूप जास्त अंधाऱ्या जागेवरून घेतलेला फोटो संदर्भाला ठेवून तुलना करणं, एवढंच मला सुचतं. नाहीतर पहिल्या डिग्रीवर थांबायचं आणि उरलेलं डाग म्हणून सोसायचं.

धागाकर्ते, तुम्ही स्टॅकवर करण्याआधी एकेका फ्रेमवर करून बघा. दीड तासात देवयानी ईशान्येकडून उत्तरेकडे सरकते, आणि चौकटीच्या हिशेबानं क्षितिज फिरत जातं. प्रत्येक फ्रेममध्ये पट्टा साधा तिरका असतो, पण वेगवेगळ्या दिशांचे पट्टे मिळून स्टॅकमध्ये वाकडा तयार होतो, मग चौथी डिग्री लागते. रंगीत केलेल्या, कॅलिब्रेट झालेल्या फ्रेमवर:

```
seqsubsky pp_light 1
register bkg_pp_light
stack r_bkg_pp_light rej 3 3 -norm=addscale
```

स्टॅकच्या फाटक्या कडा कापा. मग आपोआपचे ठिपके पुसून हातानं टाका, डाव्या क्लिकनं ठिपका येतो, उजव्यानं जातो. दीर्घिकेपासून निदान तिच्या रुंदीएवढं अंतर सोडा. पंधरा-वीस पुरतात. पुन्हा पहिलीच डिग्री, फार तर दुसरी. Correction मध्ये Subtraction. रंगांची जुळणी त्यानंतर आणि स्ट्रेच सगळ्यात शेवटी.

तोरण्याखालचा

फरकाच्या फोटोत तिरका लंबगोल स्पष्ट होता! आता पहिल्या डिग्रीनं केलं. कडं गेलं, दीर्घिका पुन्हा लांब झाली. पण चारही कोपरे मधल्यापेक्षा गडद आणि तपकिरी राहिलेत. Division करू का?

अवकाशवेडी

फ्लॅट, म्हणजे सारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो, घेतले होते?

तोरण्याखालचा

नाही. टी-शर्टवाली पद्धत माहीत आहे, पण थंडी होती.

अवकाशवेडी

मग ते कोपरे लेन्सचे. लेन्स कोपऱ्यांत कमी उजेड देते, म्हणजे तिथे दीर्घिका आणि पुणे दोन्ही कमी होतात. तो गुणाकार आहे, वजाबाकीनं जाणार नाही. Division त्यासाठीच असतं, पण आधी वजाबाकी करून बसल्यावर भागाकाराला मूळ प्रमाणच सापडत नाही. लेन्सचा फोकस आणि अपर्चर हलवलं नसेल तर आताच घरी, त्याच आयएसओवर फ्लॅट घ्या आणि कॅलिब्रेशनपासून पुन्हा करा.

कोथरूड गच्ची

फोकस हलवला असणार. टेप लावला होता का रिंगला?

दुर्बीणवाले काका

कोपरे गडदच ठेवा. निदान तेवढं तरी कॅमेऱ्यानं पाहिलेलं आहे.