राउटरचा रेडिओ बंद पडल्याचे तुमचे किस्से सांगा (बटण, वेळापत्रक, काहीही)

खळ्यातला मुक्काम

काल शिरपूरहून मावशीचा फोन. "वायफाय मेलं रे, नावच येत नाही मोबाईलमध्ये." म्हटलं दिवे सांग. पॉनचा हिरवा, लॉसचा लाल नाही, लॅनचा लुकलुकतोय, फक्त वायफायचा विझलेला. विचारलं, आज साफसफाई केलीस का? तर अखजीची झाडलोट चालू होती आणि राउटर ओल्या फडक्याने पुसला होता. मागे बारकं बटण असतं, ते पुसताना दाबलं गेलं. परत तीन-चार सेकंद दाबून धरायला लावलं, दिवा लागला, फोन ठेवला.

पण त्यावरून आमच्या गावच्या घरचं (अमळनेर तालुका) जुनं प्रकरण आठवलं. ते आजवर सुटलेलं नाही. २०२१ ची गोष्ट, पोरांची शाळा ऑनलाइन. सकाळी साडेसातच्या सुमाराला वायफाय गायब. टीव्हीजवळच्या कॉम्प्युटरला वायर होती, त्यावर नेट झकास. मोबाईलमध्ये मात्र नावच नाही. दहाला लाईट जायची, दोनला यायची. लाईट आली तरी वायफाय नाही, आणि मग अडीचला आपोआप हजर! सकाळी राउटर बंद-चालू केला तरी तेच, अर्धा तास थांबा. बटण हजारदा दाबून पाहिलं. आबा म्हणायचे, "डबा थकस, त्याले बी दम खावू दे."

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा.

तापीकाठ

आमच्याकडे कारभारीण. राउटर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. ती रोज तो भिंतीला चिकटवून ठेवायची, "वायरी दिसायला नको" म्हणून, आणि बटण भिंतीवर दाबलं जायचं. केबलवाला पोरगा तीनदा येऊन गेला. तो डबा पुढे ओढून बघायचा, की चालू! तो गेला की ही परत ढकलायची. तिसऱ्या वेळेला चहा न घेताच गेला बिचारा.

फैजपूरचे अण्णा

रेडिओचा विषय काढला ते बरं केलं. आमच्याकडे मर्फीचा होता, लाकडी पेटीचा. जळगाव आकाशवाणीला बाजारभाव लागायचे, केळीचा भाव ऐकल्याशिवाय वडील जेवायचे नाहीत. त्यालाही बाजूला एक बटण होतं, ते फिरवलं की खरखर.

तापीकाठ

अण्णा, तो रेडिओ नव्हे हो 😄 राउटरच्या पोटात असतो तो.

फैजपूरचे अण्णा

असो. ह्याला वायरलेस म्हणतात, त्यालाही वायरलेसच म्हणत. आमची चूक काय?

जामनेरी

@खळ्यातला मुक्काम, गरमीचा प्रॉब्लेम आहे. पत्र्याच्या घरात ४४-४५ डिग्रीला राउटर तापतो आणि स्वतःला वाचवायला वायफाय बंद करतो. अर्ध्या तासाने थंड झाला की चालू. माझ्या दुकानात मी छोटा पंखा लावलाय, तेव्हापासून त्रास नाही.

खळ्यातला मुक्काम

जामनेरी, मलाही तेच वाटायचं. पण हे जानेवारीतही झालं, अंगावर गोधडी घेऊन पोरं बसलेली. आणि धाब्याचं घर आहे, पत्र्याचं नाही. लाईट येते तेव्हा तर डबा चार तास बंद असल्याने गारच असतो.

स्प्लायसिंगवाला

दहा वर्षं फायबर ओढतोय, धुळे-शिंदखेडा पट्टा. बटणाची केस रोजची आहे. नाव यादीतून गायब पण वायरवर नेट चालू, म्हणजे रेडिओ बंद केला गेलाय. नाव दिसतं, जोडलं जातं पण नेट नाही, तर भानगड बाहेरची. एवढं फोनवर विचारलं तरी माझी निम्मी पेट्रोलफेरी वाचते. आणि बऱ्याच डब्यांत बटणाने बंद केलेला रेडिओ लक्षात ठेवला जातो, लाईट घालवून-आणून तो चालू होत नाही. लोक दहा वेळा प्लग काढतात आणि फोन करतात.

पण दादा, तुमची केस बटणाची नाही. दोन गोष्टी सांगा. अर्धा तास म्हणजे अंदाजे की घड्याळ लावून? आणि रात्रीचं कुणी काही लावून ठेवलं होतं का?

खळ्यातला मुक्काम

घड्याळ लावूनच. दोनला लाईट, अडीचला वायफाय. पोरीचा तास अडीचला असायचा म्हणून पक्कं लक्षात आहे. रात्रीचं कुणी लावल्याचं आठवत नाही. रात्री तर व्यवस्थित चालायचं, तीच तर गंमत.

भुसावळ जंक्शन

आमच्या क्वार्टरमध्ये उलटं. नवरा रनिंग स्टाफ, पोरगा रात्री मोबाईल घेऊन बसतो म्हणून मी वेळापत्रक लावलं, रात्री ११ ते सकाळी ६ बंद. तर रोज साडेआठला बंद! ऐन जेवणाच्या वेळी. आणि ह्यांना पहाटे चारचा कॉल असला की ते उठून बघतात तर वायफाय चालू. महिनाभर मी पोरावर संशय घेतला. शेवटी भाच्याने सेटिंग उघडली तर राउटरचं घड्याळ चीनच्या वेळेवर. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. इकडे साडेआठ वाजले की त्याच्या लेखी अकरा. `GMT+05:30` केलं आणि मिटलं. पोराला सॉरी म्हणून शेवभाजी करून घातली.

तापीकाठ

शेवभाजीची सॉरी आम्हालाही चालेल.

स्प्लायसिंगवाला

ताईंनी माझं निम्मं काम केलं. दादा, आता नीट वाचा.

राउटरमध्ये सेलवर चालणारं घड्याळ बहुतेक नसतंच. लाईट गेली की वेळ विसरतो. लाईट आली की नेटवरून विचारून घेतो, मिनिटभराचं काम. पण त्याला उत्तर मिळालंच नाही, तर बरेचसे डबे १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात. आणि ती मध्यरात्र ग्रीनिचची. भारताची वेळ लावलेली असेल, तर तुमचा डबा चालू होताना स्वतःशी म्हणतो: पहाटेचे साडेपाच वाजले.

आता धरा की कुणीतरी ११ ते ६ बंद लावलंय. दुपारी दोनला लाईट आली, त्याच्या घड्याळात साडेपाच, म्हणजे अजून रात्रच. रेडिओ बंद. अर्ध्या तासाने त्याचे सहा वाजले, तुमचे अडीच. रेडिओ चालू. तिथून सतरा तासांनी त्याचे रात्रीचे अकरा. अडीच अधिक सतरा किती होतात बघा.

खळ्यातला मुक्काम

सकाळचे साडेसात!!!

अरे देवा. आणि सकाळी बंद-चालू केला की परत त्याचे साडेपाच, परत अर्धा तास. आबांचा दम खाणं ते हेच.

जामनेरी

मग माझ्या दुकानात पंख्याने कसं बरं झालं?

स्प्लायसिंगवाला

तुमचा खरंच तापत असेल भाऊ. तापलेला डबा अख्खा लटकतो किंवा मधूनच रिस्टार्ट होतो, वायरवालं नेटही अडखळतं. घड्याळ लावून अर्धा तास विश्रांती घेत नाही. पण पंखा राहू द्या, मे महिन्यात वाईट नाही.

नंदुरबारची निशा

पण माझ्या राउटरवर असं होत नाही. तिथे स्पष्ट लिहिलंय की वेळ जुळली नसेल तर वेळापत्रक लागूच होणार नाही. नेट नसताना रात्रभर वायफाय चालू राहतं, मी पाहिलंय. मग १९७० ची थिअरी सगळ्यांना कशी लागू होईल?

स्प्लायसिंगवाला

नाही लागू होत, बरोबर बोललात. काही कंपन्या वेळ मिळेपर्यंत वेळापत्रक अडवून धरतात, काही डबे १९७० ऐवजी त्यांचं सॉफ्टवेअर बनलं त्या तारखेपासून सुरू होतात. म्हणून मी अर्धा तास विचारला. साडेपाच ते सहा एवढंच अंतर जुळत होतं.

एकच गोष्ट मला इथे बसून सांगता येत नाही: नेट चालू असताना त्याला वेळ का मिळत नव्हती? तुम्ही नेटवाला बदलला होता का? जुन्याचाच डबा पुढे वापरला असेल, तर वेळ विचारायचा पत्ता जुन्याच्या आतल्या सर्व्हरचा राहिलेला असतो. नव्या लाईनवरून तो सापडत नाही. एवढं मी दोन-तीन घरांत पाहिलंय. दुसरंही कारण असू शकतं.

खळ्यातला मुक्काम

बदलला होता. २०२० च्या दिवाळीनंतर. डबा तोच, फक्त वायर नवी. पण ११ ते ६ कुणी लावलं?

चोपड्याची ताई

दादू, मी लावलं नाही पण लावताना तिथेच होते 🙂 पहिल्यांदा डबा बसवला तेव्हा आबांनी त्या फिटिंगवाल्या पोराला सांगितलं होतं, "राती बंद व्हयी गयं पाहिजे, पोट्टे झोपतच नहीत." त्याने लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि आबांनी त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घातला. तू तेव्हा पुण्यात होतास. मला वाटलं तुला माहीत असेल.

खळ्यातला मुक्काम

ताई!! चार वर्षं मी डोकं फोडतोय आणि तू आत्ता सांगतेस? आणि आबा स्वतःच म्हणायचे डबा थकतो!

चोपड्याची ताई

तू विचारलंस कधी? ग्रुपवर फक्त "वायफाय गेलं" टाकायचास. आणि आबांना तरी कुठे ठाऊक, त्यांच्या लेखी रात्री बंद म्हणजे रात्री बंद.

फैजपूरचे अण्णा

आबांनी सांगितलं तेव्हा डब्याने ऐकलं, वेळ चुकली फक्त. आमच्या मर्फीचंही घड्याळ नव्हतं, बातम्या लागल्या की आम्ही भिंतीवरचं जुळवायचो.

भुसावळ जंक्शन

अण्णा, ह्यालाही तसंच बातम्या ऐकून जुळवावं लागतं म्हणा की.

खळ्यातला मुक्काम

जुना डबा माळ्यावर आहे, कापसाच्या गोण्यांमागे. अखजीला गावी जाणार आहे, उघडून बघायचा आहे. वायफायच नसेल तर सेटिंग कशी उघडू?

स्प्लायसिंगवाला

लॅपटॉपला लॅनची वायर लावा, ब्राउझरमध्ये `192.168.1.1`, नाही उघडलं तर `192.168.0.1`. पासवर्ड डब्याच्या पोटाला चिकटवलेला असतो, पुसला नसेल तर. आधी वेळेचं पान बघा, १९७० दिसलं तर मला इथे सांगा. मग वायरलेसच्या पानावर `Wireless Schedule` शोधा. २.४ आणि ५ दोन्हींची पानं वेगळी असू शकतात, एक बंद करून लोक दुसरं विसरतात. लॅपटॉप नसेल तर लाईट लावून अर्धा तास थांबा, वायफाय येईलच, मोबाईलवरून करा 😄 आणि रिसेटची टाचणी आधी टोचू नका, सगळा पुरावा जाईल.

जामनेरी

स्प्लायसिंगवाला, माझ्या दुकानात या ना एकदा. पाचोऱ्याहून जाताना रस्त्यातच आहे. पंखा काढू का?

तापीकाठ

अखजीला झोक्यावर बसून राउटर उघडणार हा माणूस. ताई, ठेचा करून ठेवा.

शहाद्याचा बापू

उशिरा आलो. आमच्याकडे वायफाय चालू आहे, बटण चालू आहे, नेटच नाही. पाच दिवस झाले. कुणाकडे इकडच्या लाईनमनचा नंबर आहे का?