आकडेमोड बरोबर, तरी २६ हजार हे उत्तर चूक का ठरले?

गंगापूर रोडची विद्यार्थिनी: सांख्यिकीच्या चाचणीत सातपूरच्या एका लहान कारखान्यातील नऊ जणांचे मासिक वेतन हजार रुपयांत दिले होते: १३, १४, १४, १५, १६, १७, १८, १९ आणि १०८. शेवटचे वेतन व्यवस्थापकाचे होते. ‘येथील प्रातिनिधिक कामगाराचे वेतन दाखवणारे योग्य माप निवडून काढा व कारण द्या’ असा प्रश्न होता. मी मध्य, म्हणजे सरासरी, काढला, २३४ भागिले ९ म्हणजे २६, आणि ‘मध्य सर्व मूल्ये विचारात घेतो’ असे कारण लिहिले. तीनपैकी शून्य गुण मिळाले आणि ‘मध्यक हवा’ असा शेरा मिळाला. हे योग्य आहे का?

नाशिकरोडचे शिकवणी-शिक्षक: शून्य योग्यच आहे. मध्य २६ आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे वेतन, १६ असा मोठा फरक दिसला की वितरण उजवीकडे कललेले आहे हे उघड होते, आणि वितरण कललेले असेल तेव्हा नेहमी मध्यकच घ्यायचा असतो. मी मुलांना हा नियम पाठच करायला लावतो.

निफाडचा कांदा उत्पादक: ‘नेहमी’ या शब्दाला माझी हरकत आहे. समजा मी लासलगावला प्रत्येकी २० क्विंटलच्या तीन ट्रॉल्या नेल्या आणि त्यांना क्विंटलमागे ८००, ९०० व २२०० रुपये भाव मिळाला. भाव एका बाजूला कललेले आहेत, म्हणून मी ९०० हा मधला भाव धरला, तर ६० क्विंटलचे ५४ हजार होतात. माझ्या हाती मात्र ७८ हजार येतात आणि ते १३०० या सरासरी भावानेच जुळतात. मग सरासरी चुकीची कशी म्हणायची?

पंचवटीचे निवृत्त प्राध्यापक: तुमचा हिशेब बरोबर आहे, परंतु तुम्ही विचारता तो प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला एकूण रक्कम हवी आहे आणि एकूण रक्कम मध्यकातून कधीच परत मिळत नाही. याच कारखान्याला महिन्याला वेतनासाठी किती पैसे लागतील असे विचारले असते, तर २६ गुणिले ९ हेच उत्तर असते. येथे मात्र त्या कारखान्यातल्या नेहमीच्या माणसाला किती मिळते असे विचारले आहे.

आता या मुलीच्या उत्तराकडे पाहू. २६ पासून पहिल्या आठ जणांची तूट १३, १२, १२, ११, १०, ९, ८ आणि ७ अशी आहे; तिची बेरीज ८२ होते. व्यवस्थापकाचे आधिक्यही नेमके ८२ आहे. म्हणजे एका माणसाच्या वेतनाने आठ जणांची तूट भरून काढली, तेव्हा कुठे २६ हा आकडा उभा राहिला, आणि त्याच्या आसपासचे वेतन त्या कारखान्यात कोणालाही मिळत नाही. व्यवस्थापकाचे वेतन उद्या २०८ झाले, तर मध्य ३७ च्या पुढे जाईल, पण एकाही कामगाराच्या हाती एक रुपया जास्त येणार नाही. मध्यक मात्र १६ वरच राहील. म्हणूनच ‘सर्व मूल्ये विचारात घेतो’ हे कारण येथे नेमके उलटे पडते: ज्या गुणामुळे मध्य एरवी चांगला ठरतो, तोच गुण येथे त्याला बिघडवतो.

अंबडमधील कारखान्याचा हिशेबनीस: मला प्रश्नच सदोष वाटतो. व्यवस्थापक हा कामगार नव्हे. आमच्याकडे त्याचे वेतन वेगळ्या पत्रकात लिहितात. त्याला वगळले, तर आठ जणांचा मध्य १५.७५ आणि मध्यक १५.५ येतो, म्हणजे दोन्हींत केवळ अडीचशे रुपयांचा फरक उरतो. गट नीट निवडला असता, तर मध्य आणि मध्यक हा वादच उद्भवला नसता.

पंचवटीचे निवृत्त प्राध्यापक: हा मुद्दा मला मान्य आहे, आणि शिकवणीतल्या नियमापेक्षा तो अधिक खोल आहे. एक अट मात्र पाळावी लागेल: व्यवस्थापकाला वगळायचे ते त्याचे काम वेगळे आहे म्हणून, त्याचा आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. केवळ मोठा म्हणून आकडा गाळू लागलो, तर आपल्याला हवे ते उत्तर कोणत्याही माहितीतून काढता येईल. जादा पाळ्या करून १०८ मिळवणारा कामगारच असता, तर त्याला गटात ठेवून मध्यकच घ्यावा लागला असता.

नाशिकरोडचे शिकवणी-शिक्षक: ‘नेहमी’ हा शब्द मी मागे घेतो. परंतु परीक्षेत नऊही वेतने दिलेली असताना विद्यार्थ्याने स्वतःहून एक वगळावे, हे मला अजूनही पटत नाही.

अंबडमधील कारखान्याचा हिशेबनीस: कारण लिहून वगळले असेल, तर ते पटायला हवे, प्रश्नात कारण मागितलेच आहे.

गंगापूर रोडची विद्यार्थिनी: माझे कारण कुठे चुकले ते कळले. तरी बेरीज आणि भागाकार बरोबर असताना एकही गुण न देणे योग्य आहे का?

पंचवटीचे निवृत्त प्राध्यापक: मी तपासले असते, तर आकडेमोडीचा एक गुण दिला असता. परंतु प्रश्नाचे पहिले काम माप निवडण्याचे होते आणि निवडच चुकली, तर पुढची आकडेमोड मोजायची नाही, असे मानणारे माझे सहकारीही होते. आमचे त्यावर कधी एकमत झाले नाही.