मदत हवी आहे: भाजीवाल्याच्या फळ्याचा फोटो अरबीत करायचाय

नेरूळची_सई

मंडळी, काम छोटं आहे पण अडलंय. आमच्या मजल्यावर महिनाभरापासून येमेनचं एक कुटुंब भाड्याने राहतंय, नातवाच्या उपचारांसाठी आलेत. दिवसभर मुलगा-सून हॉस्पिटलात, घरी आजी. तिला अरबीशिवाय काही येत नाही. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे ती रोज जाते, बोट दाखवते, नोट पुढे करते. काल तिने फोनमध्ये काढलेला त्याच्या फळ्याचा फोटो माझ्यासमोर धरला आणि खुणेनं विचारलं, काय लिहिलंय?

फळ्यावर खडूने असं आहे: कांदा ३० किलो, बटाटा ३० किलो, भेंडी २० पाव, फ्लॉवर १५ पाव, दुधी ४० किलो, तोंडली २० पाव, मेथी २० जुडी, लिंबू १० ला ३.

कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अ‍ॅप लावलं. आलेलं अरबी परत मराठीत फिरवून बघितलं तर दुधीचं दूध झालेलं, तोंडलीचं तोंड, फ्लॉवरची फुलं. "२० पाव" म्हणजे वीस ब्रेड. दुधीच्या ४० चे ८० झाले ते वेगळंच. आजीला हे दाखवलं असतं तर ती भाजीवाल्याकडे पाव मागत बसली असती! कुणी नीट अरबी करून देईल का? प्रिंट काढून तिच्या पिशवीत ठेवायचा विचार आहे.

कोपरीचा_बंड्या

भाजीवाल्याने अरबीत बोर्ड कशाला लावायचा? मराठी पाट्यांचा नियम आहे ना? उद्या सगळेच आपापल्या भाषेत लावतील.

नेरूळची_सई

बंड्या, बोर्ड मराठीतच आहे आणि राहणार आहे. मी आजीच्या पिशवीतली चिठ्ठी करतेय. वरचं परत वाच.

मुंब्रा_लोकल

सईताई, उर्दू कीबोर्ड लावून मी आत्ता देतो टाइप करून. लिपी तीच आहे. भिंडी, प्याज, आलू, सगळं होईल. फक्त एक लक्षात ठेवा, ते उजवीकडून वाचतात, त्यामुळे आकडेही उलटे लिहावे लागतील. ३० असेल तर ०३.

मस्कतवाला

थांबा थांबा. मुंब्राभाऊ, मनापासून मदत करताय पण असं दिलंत तर आजी घोळात पडेल. अठरा वर्षं मस्कतला हॉटेलच्या स्टोअरमध्ये होतो, भाजीची पावती रोज अरबीतच यायची.

आकडे उलटे करायचे नाहीत. अक्षरं उजवीकडून, पण संख्येत दशक डावीकडे आणि एकक उजवीकडे, आपल्यासारखंच. ०३ लिहिलंत तर ती तीनच वाचेल. दुसरं, लिपी तीच असली तरी भाषा ती नाही. "भिंडी"तला ड अरबीत नाहीच, तिला तो शब्द वाचताही येणार नाही. भेंडी म्हणजे बामिया, कांदा म्हणजे बसल. शिवाय उर्दू कीबोर्डवरचे ४, ५, ६ वेगळ्या वळणाचे उमटतात.

आता सई, तुमच्या फळ्याबद्दल. नावं सोपी आहेत. अवघड आहे ते "पाव", "जुडी" आणि "१० ला ३". भाव कशाचा आहे हेच चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. पाव म्हणजे रुब्अ किलो, जुडी म्हणजे रब्ता. लिंबाला मात्र शब्दाला शब्द लावू नका, नाहीतर दहा लिंबं तीन रुपयांना होतील. सरळ "तीन नग, दहा रुपये" असं लिहायचं.

वाशीची_अन्नपूर्णा

मी म्हणते सगळं किलोतच करून टाका ना. भेंडी पावाला २० म्हणजे किलोला ८०. आजीला तुलना करता येईल. मी स्वतः मार्केटातून भाजी आणते तेव्हा तेच करते. घाऊकात भाव १० किलोचा सांगतात, मी मनात भागून किलोवर आणते.

मस्कतवाला

अन्नपूर्णाताई, तुमचं गणित बरोबर, पण आजीच्या हातात ८० लिहिलेला कागद आणि समोर फळ्यावर २०. भांडण ठरलेलं. फळ्यावर जे आहे तेच कागदावर हवं.

खरं तर मी भाव लिहूच नका म्हणेन. उद्या सकाळी भेंडी २५ झाली की चिठ्ठी रद्दी. नाव आणि माप अरबीत द्या, आणि फळ्यावरचा आकडा तिला स्वतःला वाचता येईल अशी आकड्यांची पट्टी द्या. दहा खुणा आहेत, दोन दिवसांत पाठ होतील.

नावांपैकी तीन ठिकाणी जपा. बटाट्याला बतातिस लिहा. नुसतं बताता लिहिलं तर इजिप्तचा माणूस रताळं समजतो. ही येमेनची आहे म्हणा, तरी बतातिस सगळीकडे चालतं. फ्लॉवरला करनबीत. गंमत म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे फ्लॉवरला झहरा म्हणतात, म्हणजे फूलच, तेव्हा अ‍ॅप अगदीच वेडं नाही.

तिसरी मेथी. अरबीत हुल्बा. पण येमेनी माणसाला हुल्बा म्हटलं की मेथीदाण्याचं पीठ भिजवून फेटलेला फेस डोळ्यांसमोर येतो, त्यांच्या सल्ता नावाच्या रश्श्यावर तो घालतात. ती दाणे शोधेल आणि हा जुडी पुढे करेल. म्हणून "हुल्बा खद्रा", हिरवी मेथी. दुधीला दुब्बा.

```
بصل
كيلو

بطاطس
كيلو

بامية
ربع كيلو

قرنبيط
ربع كيلو

دباء
كيلو

حلبة خضراء
ربطة

ليمون
٣ حبات
```

आणि ही पट्टी:

```
० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩
```

नेरूळची_सई

मस्कतवाले काका, किती उपकार मानू! पण पट्टीत काहीतरी गडबड दिसतेय. माझ्या स्क्रीनवर ० च्या खाली टिंब नाही, भलतंच काही आलंय. टिंब पार उजव्या टोकाला गेलंय. तुम्ही म्हणताय की संख्या डावीकडूनच, मग हे उलटं का?

टंकखिळा_ठाणे

इथे मी बोलतो. निर्यातीच्या गोण्यांची अरबी लेबलं छापतो, या दुखण्याशी रोजची गाठ आहे.

काकांनी टाइप बरोबर केलंय. एक अखंड संख्या डावीकडूनच दिसते. पण त्यांनी अंकांमध्ये मोकळी जागा सोडली, म्हणजे संगणकाच्या लेखी त्या दहा वेगळ्या संख्या झाल्या, आणि अरबी संख्यांची रांग तो उजवीकडून लावतो. वरच्या ओळीतले मराठी अंक मात्र आपल्या अक्षरांसारखे डावीकडून लागतात. म्हणून पट्टी उलटी जुळली. अशीच छापली असती तर आजीने ० ला ९ समजून पैसे दिले असते. उपाय साधा, एका ओळीत एकच जोडी:

```
०  ٠
१  ١
२  ٢
३  ٣
४  ٤
५  ٥
६  ٦
७  ٧
८  ٨
९  ٩
```

याच कारणाने एका ओळीत मराठी नाव, भाव आणि अरबी नाव असं कोंबू नका. टेबल करा, प्रत्येकाला स्वतंत्र चौकट. आणि भाव लिहायचाच ठरला तर "४०/-" मधली ती शेपटी काढा. अरबी शब्दामागे ती आकड्याच्या डावीकडे जाऊन बसते आणि उणे चाळीस वाटतं.

छापून आल्यावर अरबी न येणाऱ्यालाही एक गोष्ट तपासता येते. कांद्याचा शब्द बघा, तिन्ही अक्षरं एकमेकांना जोडलेली हवीत. सुटी सुटी पडली असतील तर सॉफ्टवेअरने घाण केली आहे, तो कागद फाडा. आणि अक्षर मोठं ठेवा, १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. या लिपीत एक टिंब पुसलं की अक्षरच बदलतं.

मस्कतवाला

टंकखिळे, मान गए. मी कागदावर लिहिणारा माणूस, हे माहीत नव्हतं.

सई, जोड्यांमध्ये एक जोडी आजीला मुद्दाम दाखवा. त्यांचा पाच नुसता गोल असतो, `٥`, अगदी आपल्या शून्यासारखा. आणि त्यांचं शून्य म्हणजे टिंब. फळ्यावरचे २ आणि ३ तिला ओळखीचे वाटत असतील, इंग्रजीशी मिळतेजुळते आहेत. मग २० तिला २५ दिसणार आणि ३० दिसणार ३५.

नेरूळची_सई

काका!! अहो, भाजीवाला मला गेल्या आठवड्यात म्हणाला होता की, "तुमची पाहुणी आजी रोज पाच रुपये जास्त देते, मी परत केले की माझ्याकडे संशयाने बघते." मला वाटलं टीप देत असेल.

मुंब्रा_लोकल

आकड्यांचं माझं चुकलं, कबूल. पण तोंडली राहिलीच की. तिला अरबी शब्द आहे का?

मस्कतवाला

आमच्या स्टोअरला तोंडली यायची ती आपल्याच लोकांसाठी, पावतीवरही हिंदी नावच अरबी अक्षरांत असायचं. तुमची कल्पना इथे कामाची आहे, उच्चार तसाच लिहा आणि खाली "शिजवायची छोटी काकडी" असं अरबीत टाका: `توندلي` आणि खाली `خيار صغير للطبخ`. पूर्ण खरं नाही, पण कच्ची खाणार नाही एवढं तरी होईल.

कुठल्याही शब्दाची शंका आली तर तो अरबी शब्द चित्रांच्या शोधात टाकून बघा. नुसतं हुल्बा टाकलं की दाणे आणि फेस दिसतील, खद्रा जोडलं की पानं.

वाशीची_अन्नपूर्णा

माझ्या सासूबाईंना कानडी लिहून दिलं होतं तेव्हा मी शब्दाशेजारी भाजीची चित्रंच काढली होती. वांगं बरं जमलं होतं. बाकी सगळे भोपळे.

नेरूळची_सई

अपडेट. काल तीन चौकटींचं टेबल करून प्रिंट काढली, मागच्या बाजूला आकड्यांच्या जोड्या. कांद्याची अक्षरं जोडलेली आहेत, तपासलं. आजीने चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. हुल्बा खद्रावर थांबली, हसली, मान डोलावली. मागची बाजू उलटली, शून्यावर बोट ठेवलं, मग गोल पाचावर, आणि कपाळाला हात लावला. आज सकाळी भेंडीचे मोजून वीस दिले म्हणे, भाजीवाला स्वतः सांगत आला.

मी हौसेने यादीत हिरवी मिरचीही घातली होती, काकांना न विचारता. फिल्फिल लिहिलं होतं. आजीने ते खोडून पेनाने वर दुसरंच काहीतरी लिहिलंय, वाचताना "बिसबास" असं काहीसं म्हणाली. बरोबर आहे का? शिवाय तोंडलीच्या ओळीवरही काट मारून लांबलचक काही खरडलंय. फोटो टाकलाय खाली, कुणी वाचेल का?

मस्कतवाला

बिसबास बरोबर, येमेनकडे मिरचीला तेच म्हणतात. तेच ठेवा.

तोंडलीचं काही लागत नाही. फोटो तिरका आलाय आणि बोटाची सावली पडलीये. खिडकीपाशी नेऊन सरळ वरून काढा आणि परत टाका.