‘कोरडा कप’, ‘घनमाप’ की आणखी काही? आणि पीठ कपात ‘भरायचे’ म्हणजे नेमके काय करायचे?

रेवती
बेकिंगवरील एका पुस्तकाचा अनुवाद करताना दोन ठिकाणी अडले आहे. मूळ मजकुरात मोजण्याची दोन भांडी येतात. एक कप काठापर्यंत भरून वरून सुरीने सपाट करायचा असतो, तर दुसरा चोच असलेला आणि बाजूला रेषा आखलेला जग असतो. मी त्यांना अनुक्रमे ‘कोरडा कप’ आणि ‘ओला कप’ असे लिहिले होते. त्याहून अवघड गाठ क्रियापदांची आहे. कप थेट पिठात खुपसून भरणे ही एक कृती आणि चमच्याने पीठ उचलून कपात अलगद सोडत जाणे ही दुसरी. मी दोन्हींसाठी ‘एक कप पीठ घ्यावे’ एवढेच लिहिले आणि मुद्रितशोधकांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु ज्या मैत्रिणीने ती पाककृती करून पाहिली, तिचा केक मध्यभागी घुमटासारखा फुगून भेगाळला आणि कापल्यावर कोरडा निघाला. तिने कप खुपसून भरला होता, लेखिकेला मात्र चमच्याने भरणे अभिप्रेत होते. या दोन कृतींना आपण काय म्हणाल?

मनोहर
‘ओला कप’ वाचून कप भिजलेला आहे असाच अर्थ कोणीही घेईल. आपल्याकडे ‘द्रवमाप’ आणि ‘घनमाप’ असे नेमके शब्द असताना ही कसरत कशाला? चोचीच्या भांड्याला तर शालेय विज्ञानाच्या पुस्तकांनी ‘चंचुपात्र’ हा सुरेख शब्द देऊन ठेवला आहे. तो स्वयंपाकघरात आणण्यास संकोच का वाटावा?

सुलभा
रेवतीताई, कप कोरडा असावा हे अगदी खरे आहे, आणि तसे पुस्तकात ठळक लिहा. माझ्याकडून एकदा धुतलेला कप न पुसताच पिठात गेला. आतल्या बाजूला पिठाचा थर चिकटून बसला आणि प्रत्येक कपामागे थोडे थोडे पीठ कमी पडत गेले.

रेवती
सुलभाताई, आपला अनुभव उपयोगी आहे, पण इथे ‘कोरडा’ हे विशेषण कपाला नसून आतल्या जिन्नसाला आहे. आपला असा समज झाला याचाच अर्थ माझा शब्द फसला. मनोहरजी, ‘घनमाप’ मीही योजून पाहिला होता, पण घनसेंटिमीटर, घनफूट यांतला ‘घन’ आधी मनात येतो, आणि घनफळ तर दोन्ही भांडी मोजतात.

अनघा
मुळात ही दोन भांडी वेगळे प्रमाण देतात कारण त्यांतले कपच वेगळे असतात. जगातला कप मोठा आणि सुटा कप लहान. माझ्या जगात रेषेपर्यंत घेतलेले पाणी सुट्या कपात ओतले तर दर वेळी थोडे उरते. प्रश्न संपला.

शिरीष
अनघाताईंचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा आणि मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा. आपला जग मेट्रिक आणि सुटा कप अमेरिकी असावा. दोन्ही वजनकाट्यावर ठेवून पाणी भरा, पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, त्यामुळे लगेच कळेल. पण माझी दोन्ही भांडी २३७ चीच आहेत, तरीही फरक पडतो, आणि तो भरण्याच्या रीतीमुळे पडतो.

सुट्या कपात दूध किंवा पाणी घेतले, तर पूर्ण माप अगदी काठावर येते आणि उचलताना सांडते, म्हणून हात आपोआप थोडे कमी भरतो. कपाचे तोंड आठ सेंटिमीटर रुंद असेल आणि पातळी काठाच्या तीन मिलिमीटर खाली राहिली, तर सुमारे पंधरा मिलिलिटर, म्हणजे मोठा चमचाभर द्रव कमी पडतो. जगाची रेषा काठाच्या बरीच खाली असते ती एवढ्यासाठीच. मात्र जग सपाट ओट्यावर ठेवून, डोळा रेषेच्या पातळीवर आणून पाहावे लागते.

उलट, पीठ जगात घेतले की रेषेपाशी सुरी फिरवता येत नाही. वर उंचवटा राहतो, तो बसवण्यासाठी आपण जग हलवतो किंवा आपटतो आणि पीठ दबत जाते. माझ्या जगात असे आपटून घेतलेले एक कप पीठ १६० ग्रॅमच्या पुढे गेले.

मनोहर
म्हणजे ‘सपाट’ हा शब्द इथे कळीचा आहे. धान्य मापताना काठाच्या वर राहणाऱ्या ढिगाला ‘शीग’ म्हणतात. ‘शिगेला पोहोचणे’ तिथूनच आले. मग ‘शीग उतरवून एक कप’ असे का लिहू नये? माझ्या मते हा शब्द ‘शिखा’वरून आला असावा.

अनघा
मला तो ‘शृंग’ला जवळचा वाटतो. पण वाक्प्रचार माहीत असणाऱ्या दहांपैकी किती जणांना शीग म्हणजे काय ते सांगता येईल? पाककृतीत शब्दकोश उघडायला लावू नये.

रेवती
शब्द सुंदर आहे, परंतु माझी अडचण शीग उतरवण्यापूर्वीची आहे. लेखिका आणि माझी मैत्रीण दोघीही वरून सपाट करतात, तरीही पीठ कमीजास्त येते.

शिरीष
नेमके तेच. काल मी मैद्याच्या एकाच डब्यातून सहा कप मोजले आणि दर वेळी मैदा डब्यात परत टाकून चमच्याने मोकळा केला. कप खुपसून भरला तेव्हा १४६, १३९ आणि १५१ ग्रॅम आले. चमच्याने सोडत भरला तेव्हा ११९, १२२ आणि १२१. सर्व कप वरून सुरीच्या पाठीने सपाट केलेले होते. मैद्याचे कण बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ हवा अडकलेली असते. कप आत शिरताना त्याची कड पुढचे पीठ ढकलत नेते, ते तळाशी आणि भिंतीशी दाबले जाते. साखर मात्र कशीही भरा, तिचे दाणे फारसे दबत नाहीत.

आता तीन कप मैदा आणि एक कप पाणी असलेला पाव घ्या. चमच्याने भरल्यास मैदा ३६२ ग्रॅम, खुपसून भरल्यास ४३६. पाणी तेच, २३७ ग्रॅम. शंभर ग्रॅम मैद्यामागे पाणी ६५ ग्रॅमवरून ५४ वर उतरते. पहिली कणीक मऊ आणि हाताला किंचित चिकटणारी होते, दुसरी मळताना फाटते. माझ्या सहा आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. खुपसलेले कप आपसांतही बारा ग्रॅमने वेगळे आहेत.

सुलभा
मग मी नेहमी करते ते काय म्हणायचे? मी चमच्यानेच भरते, पण मध्ये दोनदा कप आपटते, नाहीतर कडेला पोकळी राहते.

शिरीष
सुलभाताई, ती पोकळी राहू द्यायची असते. आपटल्यावर चमच्याचा उपयोग उरत नाही.

रेवती
मी सध्या असे लिहिले आहे: ‘डब्यातले पीठ चमच्याने मोकळे करावे, कपात चमच्याचमच्याने सोडावे, न दाबता व न आपटता वरून सपाट करावे.’ दुसऱ्या कृतीसाठी ‘कप पिठात बुडवून भरावा’ असे लिहिले आहे.

मनोहर
पिठात कोणी बुडते का? बुडणे पाण्यात. ‘खुपसून’ हवे.

अनघा
‘खुपसून’ ऐकले की सुरी आठवते. ‘पिठात घोळवणे’ही आपण पीठ कोरडे असतानाच म्हणतो, मग ‘बुडवून’ का नको? आणि ‘चमच्याने भुरभुरून’ जास्त छान नाही का?

शिरीष
भुरभुरताना चिमटीने पसरणे आठवते, इथे चमचाच कलता करायचा आहे. माझा आग्रह असा की शब्द कोणताही ठेवा, शेजारी ग्रॅम लिहा.

रेवती
मूळ पुस्तकात ग्रॅम नाहीत, आणि लेखिका खरोखर किती ग्रॅमचा कप धरते हे मी कसे ठरवू? शिवाय पुढच्या प्रकरणात नवाच घोळ आहे. एके ठिकाणी ‘एक कप चाळलेले पीठ’ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘एक कप पीठ, चाळून’. पहिल्यात चाळून मग मोजायचे आणि दुसऱ्यात मोजून मग चाळायचे. मराठीत मी दोन्हीकडे ‘एक कप पीठ चाळून घ्यावे’ असे लिहून बसले आहे.

मनोहर
ते नंतर पाहू. ‘चंचुपात्रा’वर अजून कोणीच मत दिलेले नाही.